निवृत्तीची तरतूद, वय वर्षे सव्वीस

नोकरीच्या ऑफर लेटरचं पहिलं पान फार प्रेमळ असतं. तुम्ही आमच्या कुटुंबात येताय याचा आम्हाला कोण आनंद झालाय, वगैरे. दुसऱ्या पानावर हे कुटुंब नोटीस पीरियड सांगतं. आणि तिसऱ्या पानावर, इतक्या बारीक अक्षरात की तरुण डोळ्यांनीही मोबाइलवर दोन बोटं फाकवावीत, पगाराचा तक्ता असतो. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स अशा ओळखीच्या मंडळींच्या खाली तिथे एक कप्पा असतो : ‘रिटायरल्स’. ज्या मुलीने अजून पहिल्या दिवशी ऑफिसला काय घालून जायचं हे ठरवलेलं नाही, तिच्या निवृत्तीची व्यवस्था कंपनीने आधीच करून ठेवलेली असते, आणि तीही तिच्याच पैशांतून.

आमच्या पुतणीला असं पत्र आलं. सीटीसी 12 लाख. घरात पेढे आले, आणि पेढ्यांच्या पाठोपाठ भागाकार आला. बारा लाखांना बारांनी भागायला कॅल्क्युलेटर लागत नाही. वहिनींनी तर पेढ्याचा खोका उघडता उघडताच भागलं. महिना लाख! ही बातमी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या तीन जिन्यांवरून फिरून आली. मी मात्र पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात जन्म काढलेला माणूस. शेकडो लोकांच्या प्रॉव्हिडंट फंडाची चलनं भरली, वर्षअखेरीला फॉर्म 3-ए आणि 6-ए जुळवता जुळवता डोक्यावरचे केस घालवले. मला पेढा गोड लागला, पण तिसरं पान वाचल्याशिवाय गिळला जाईना.

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. तुमच्या पगाराचा आकडा त्याच्या पोटात कुठेतरी असतो आणि तो शोधून काढावा लागतो. या तक्त्यात बेसिक 4,80,000 होतं, म्हणजे महिना 40,000. एचआरए महिना 16,000. स्पेशल अलाउन्स 26,276. हा असा विचित्र आकडा दिसला की समजावं, बाकी सगळं भरून झाल्यावर तळाशी उरलं ते इथे ओतलंय. व्हेरिएबल पे वर्षाला 1,20,000, आरोग्य विम्याचा हप्ता 12,000, आणि रिटायरल्सच्या कप्प्यात दोन ओळी : कंपनीचा पीएफ 57,600 आणि ग्रॅच्युइटी 23,088. बेरीज बरोबर बारा लाख. त्यात एक रुपयाची चूक नव्हती, हे आधीच कबूल करतो.

प्रश्न विचारायचे तर रिक्रूटरला, आणि तेही ‘ॲक्सेप्ट’चं बटण दाबण्याआधी. दाबल्यानंतर ही माणसं अदृश्य होतात. त्यांचं लक्ष पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलेलं असतं. म्हणून पुतणीने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मला खुणेने गप्प बसायला सांगितलं. ते मला तीन मिनिटं जमलं.

पलीकडची मुलगी आवाजावरून पुतणीच्याच वयाची, मराठी नाशिककडचं, आणि स्वभावाने अगदी गोड.

“मॅम, रिटायरल्स स्टँडर्ड असतात. सगळ्यांना सेम.”

“पण यातलं मला दरमहा किती मिळणार?”

“ते तुमचंच आहे ना मॅम. सेव्हिंग आहे.”

“दोन्ही?”

“हो, दोन्ही रिटायरल्सच आहेत.”

इथे माझी तीन मिनिटं संपली. “नमस्कार,” मी म्हणालो, “मी मुलीचा काका.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. हल्ली ऑफरच्या बोलणीला काका येत नाहीत म्हणे. ते लग्नाच्या बोलणीपुरते उरलेत. पण मुलीने सावरून घेतलं. “बोला ना काका,” म्हणाली, आणि तिथेच ती मला आवडली.

मी तिला म्हटलं, बाई, या दोन ओळी एकाच कप्प्यात शेजारी शेजारी बसल्यात म्हणून बहिणी होत नाहीत. पीएफची ओळ खरी आहे. दर महिन्याला कंपनी बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 4,800 रुपये, सरकारकडे भरणार. तेवढेच 4,800 मुलीच्या पगारातून कापणार. तिचा बारा आकडी यूएएन आहे, त्यावर ते दिसणार, त्यावर व्याज चढणार. नोकरी सहा महिन्यांत सोडली तरी पैसे तिचेच, पुढच्या कंपनीत खातं सोबत जाणार. त्या पैशाला कुणी हात लावू शकत नाही. आणि ग्रॅच्युइटी? या 23,088 रुपयांपैकी तिच्या नावावर दरमहा कुठे काय जमा होतं?

“ती... पे-आउट आहे काका. इव्हेंचुअली.”

इव्हेंचुअली! पोरीने एका शब्दात 1972 चा कायदा सांगितला. ग्रॅच्युइटी तिच्या नावे कुठल्याच खात्यात जात नाही. कंपनीने आपल्या वहीत एक अंदाज मांडलेला असतो, फार तर सगळ्या कामगारांचा मिळून विमा कंपनीकडे एक फंड ठेवलेला असतो. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली, तरच ती हातात पडते. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही, पण त्या सवलतीचा फायदा घेण्याची कुणाला हौस नसते. चौथ्या वर्षाच्या शेवटी राजीनामा दिला तर साधारणपणे शून्य. म्हणजे खाणावळवाल्याने पाच वर्षांनी वाढायच्या श्रीखंड-पुरीचे पैसे आजच्या महिन्याच्या दरात दाखवावेत, आणि वर ‘आमच्याकडे जेवण भरपूर’ म्हणावं, तसलं हे.

“आणि हे 4.81 टक्के कुठून आले?” पुतणीने विचारलं. तक्त्यात तसा बारीक खुलासा होता.

“मॅम, ते सिस्टिम-जनरेटेड आहे.”

सिस्टिमने एवढं डोकं कधी चालवलंय? हा आकडा कसा निघतो, ते सांगायला मला कमालीचा आनंद झाला. निवृत्त माणसाला असे प्रसंग वारंवार येत नाहीत. कायदा म्हणतो, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांचे पैसे द्या. इथे पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता. पण महिन्याचे दिवस तीस धरायचे नाहीत, सव्वीस धरायचे, कारण चार रविवार सुट्टीचे. म्हणजे वर्षामागे महिन्याच्या पगाराचे सव्वीसांश पंधरा. ते वर्षाच्या बारा महिन्यांवर पसरले की शंभरामागे 4.81 येतात. या मुलीच्या कंपनीत शनिवारीही सुट्टी, शुक्रवारी दुपारनंतर सगळे ‘वर्क फ्रॉम होम’. तरी ग्रॅच्युइटीच्या हिशेबात ती शनिवारी इमानेइतबारे कामाला येते, आणि गंमत म्हणजे त्यात तिचा काही फायदा नाही. कंपनीत बावीस दिवस काम चालतं म्हणून बावीसने भागलं असतं, तर तिला जास्त मिळालं असतं.

आता थोडं कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर टाइम ऑफिसातले जुने सहकारी मला फितूर म्हणतील. मुलगी खरोखर पाच वर्षं टिकली, तर ही ओळ दाखवते त्यापेक्षा जास्त देऊन जाते. कारण हिशेब शेवटच्या बेसिकवर होतो. समजा तिचं बेसिक वाढत वाढत 40, 44, 48, 54 आणि पाचव्या वर्षी 60 हजार झालं. पाच वर्षांच्या तक्त्यांत ग्रॅच्युइटीच्या ओळींची बेरीज होईल 1 लाख 42 हजारांच्या आसपास. हातात मिळतील 60 हजारांवर पाच वर्षांचे, म्हणजे 1,73,077. चांगलंच आहे की! पण तीच मुलगी चार वर्षं झाल्या झाल्या दुसरीकडे गेली, तर चार तक्त्यांत मिळून एक लाख सात हजारांच्या वर रक्कम ‘तुमचा पगार’ म्हणून छापलेली, आणि मिळालेली काहीच नाही. तिच्या क्षेत्रात एकाच ठिकाणी पाच वर्षं राहिलेल्या माणसाकडे लोक काळजीने बघतात, हे पुतणीनेच मला सांगितलं होतं.

बरं, गेल्या वर्षी आणखी एक गंमत झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि ‘वेतन’ शब्दाची व्याख्या रुंदावली. घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे जे भत्ते वेतनातून वगळायची मुभा आहे, ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक चाळीस टक्क्यांवर दाबून ठेवायची जी जुनी युक्ती, तिच्यावर हा उतारा. म्हणजे आता प्रश्न असा, की तक्त्यातले 4.81 टक्के आहेत, पण कशाचे? नुसत्या बेसिकचे, की नव्या व्याख्येतल्या वेतनाचे?

“काका, टेम्पलेट मागच्या वर्षीचा आहे,” मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली. “कॉम्प-बेन टीमला विचारून सांगते.”

कॉम्प-बेन म्हणजे कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स. आमच्या वेळी याला ‘भावे साहेब’ म्हणायचे. उत्तर काहीही आलं तरी त्यातला चमत्कार लक्षात घेण्यासारखा आहे. समजा ग्रॅच्युइटी मोठ्या रकमेवर धरली, तर ती ओळ फुगणार. सीटीसी तर बारा लाखच. मग कमी काय होणार? तळाशी ओतलेला स्पेशल अलाउन्स. म्हणजे कायद्याने कामगाराचा फायदा वाढवला की तक्त्यात कामगाराचा हातात येणारा पगार घटतो. सीटीसी नावाच्या पद्धतीची ही करामत आहे : कंपनीवर पडणारं प्रत्येक ओझं ती अदबीने तुमच्याच खांद्यावर ठेवते आणि त्याला बेनिफिट म्हणते.

तोवर पुतणीने कागदावर हातात येणाऱ्या पगाराचा हिशेब केला होता. बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स मिळून 82,276. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 4,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 वजा. उरले 77,276. नव्या करप्रणालीत तिला प्राप्तिकर शून्य पडत होता, म्हणून तो नाही. वहिनींच्या लाखातले जवळजवळ तेवीस हजार पेढे संपायच्या आत गेले. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरात वाजू लागली.

खरी चपराक पुढे होती. रिक्रूटरने तीस टक्के हाइक दिली म्हणून सांगितलं होतं, आणि 9,20,000 वरून 12,00,000 म्हणजे तीस टक्के होतातच. पण जुन्या कंपनीच्या सीटीसीत ग्रॅच्युइटी दाखवलेलीच नव्हती. कायद्याने लागू होती, पण पगारात मोजायचा आगाऊपणा त्यांनी केला नव्हता. विमाही वेगळा. व्हेरिएबल नव्हतं. पीएफ दोन्हीकडून 1,800. तिथे हातात 72,867 येत होते. म्हणजे तीस टक्क्यांच्या हाइकमधून महिन्याला हाती लागले 4,409 रुपये, सहा टक्के. यातही न्याय करायचा तर वाढलेला पीएफ तिच्याच खात्यात जाणार, तो मिळकतीत धरायला हवा. पीएफसह खात्रीचे पैसे जुने 9,20,000 आणि नवे 10,44,912. वाढ साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. बाकीची सोळा-सतरा टक्के वाढ बॉसची मर्जी, विमा कंपनी आणि पाच वर्षांचं आयुष्य यांच्यावर सोपवलेली.

पुतणीने हे आकडे फोनवर वाचून दाखवले आणि म्हणाली, “मला इन-हँड थोडं वाढवून मिळेल का?”

इथे त्या मुलीचा आवाज एकदम खुलला. इतका वेळ तिला मदत करायची संधी मिळत नव्हती. “हो मॅम! इन-हँड मी सहा हजारांनी वाढवून देऊ शकते. लगेच. अप्रूव्हलपण लागणार नाही.”

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी हात वर केला. ज्या गोष्टीला अप्रूव्हल लागत नाही ती फुकट असते किंवा आपलीच असते, हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय.

“पीएफ 1,800 वर आणणार ना?” मी विचारलं.

“हो काका,” ती जरा हिरमुसली. “कसं ओळखलं?”

ओळखायला काय लागतं? पीएफसाठी कायद्याची वेतनमर्यादा आहे 15,000 रुपये, 1 सप्टेंबर 2014 पासून तीच. त्यावर 12 टक्के म्हणजे 1,800. मुलगी आधीपासून पीएफची सभासद, म्हणून तिला बाहेर पडता येत नाही; पण कंपनीची पॉलिसी असेल तर पूर्ण बेसिकऐवजी या मर्यादेवर पीएफ ठेवता येतो. मग कंपनीच्या 4,800 मधले 3,000 स्पेशल अलाउन्समध्ये येणार, तिच्या कपातीतले 3,000 वाचणार. सहा हजार. कंपनीने खिशातून काढलेले शून्य. मुलीचेच एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालून त्याला वाटाघाटी म्हणायचं. शिवाय अलाउन्स करपात्र, कंपनीचा पीएफ ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त. आज तिला कर लागत नाही, पण पगार थोडा वाढला की लागेल, आणि तेव्हा 1,800 वरून परत वर जायला कंपनीच्या पॉलिसीचं दार उघडं असेलच असं नाही.

हा पर्याय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर आज हातात असलेले सहा हजार उपयोगाचे. फक्त यात एक प्रश्न विचारायचाच, तो मी विचारला : “कंपनीच्या वाट्याचे उरलेले तीन हजार खरंच स्पेशल अलाउन्समध्ये येतात ना? की पीएफ कमी केला म्हणजे सीटीसीच कमी?”

“येतात काका. आमच्याकडे येतात.”

“मेलवर लिहून द्याल?”

“...देते.”

तो विराम मी ऐकला. तोंडी ‘येतात’ आणि मेलवर ‘येतात’ यांच्यामध्ये त्या मुलीचा अख्खा मॅनेजर बसलेला होता.

मग पुतणीने आणखी एक गोष्ट विचारली, जी विचारली नसती तर वर्षभराने घरी कल्लोळ झाला असता. तिच्या जुन्या पासबुकात तिचा हिस्सा आणि कंपनीचा हिस्सा कधी सारखे दिसत नाहीत. कंपनीचा नेहमी कमी. पुतणीला वाटे कंपनी खाते. तसं नाही. तिच्या पहिल्या नोकरीत बेसिक 14,000 होतं, म्हणून ती 1995 च्या पेन्शन योजनेत आली आणि त्यात राहिली. त्यामुळे कंपनीच्या वाट्यातून दरमहा 1,250 रुपये पेन्शनच्या वेगळ्या रकान्यात जातात, नव्या कंपनीत उरलेले 3,550 पीएफमध्ये पडतील. 1 सप्टेंबर 2014 नंतर जे पहिल्यांदाच 15,000 च्या वरच्या पगारावर सभासद झाले, त्यांना ही पेन्शन नाही. त्यांच्याकडे कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच जातो. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं पासबुक बघून भांडायला जाऊ नये. पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही. दहा वर्षं सेवा झाली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू. ती किती? आजच्या मर्यादेवर पस्तीस वर्षं भरली तर महिना साडेसात-आठ हजारांच्या आसपास. हे ऐकून पुतणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माझी त्याहून बरीच कमी आहे.

दोन दिवसांनी मेल आला. पीएफचं उत्तर लेखी होतं, स्वच्छ आणि नेमकं : फरकाची रक्कम स्पेशल अलाउन्समध्ये मिळेल. ग्रॅच्युइटीपुढे लिहिलं होतं, ‘ॲज पर ॲक्ट’. कुठला ॲक्ट, जुना की नवा, ते कॉम्प-बेनने कायद्यावरच सोपवलं होतं. पुतणीने पीएफ पूर्ण बेसिकवरच ठेवला. ग्रॅच्युइटीची ओळ दाखवून ‘हे पैसे मी मिळकतीत धरत नाही’ असं तिने स्पष्ट लिहिलं, आणि जॉइनिंग बोनस म्हणून चाळीस हजार मागितले. पस्तीस मिळाले. त्याला अप्रूव्हल लागलं, म्हणजे ते खरे होते. एका वर्षात सोडलं तर परत करायचे, ही अट बारीक अक्षरात होतीच.

शेवटचा फोन त्या मुलीने स्वतःहून केला, पुतणीचं अभिनंदन करायला. मग म्हणाली, “काका आहेत का?”

मी फोन घेतला.

“काका, मी इथे कंपनीची नाही, एजन्सीकडून आहे. फिक्स्ड टर्म. मला पाच वर्षं कोण ठेवणार? मग माझ्या तक्त्यात ग्रॅच्युइटी का दाखवलीय?”

मला सांगायला बरं वाटलं. “अगं, नव्या संहितेत तुझ्यासारख्यांना पाच वर्षांची अट राहिली नाही. फिक्स्ड टर्मला एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी लागू. हक्काने माग.”

“एक वर्ष?”

“एक वर्ष. किती मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट आहे तुझं?”

“अकरा महिन्यांचं.”

“पण ते पुढे वाढवतात ना?”

“हो, दरवेळी वाढवतात. मध्ये फक्त आठ दिवसांची गॅप देतात. एचआर म्हणतं, स्टँडर्ड आहे.”